वाटीतली खिचडी आणि गाळणीतला चोथा

प्रश्न : मॅडम, बाळाला परवा सहा महिने पूर्ण झाले. वजन ७ किलो २००. कालपासून मुगाची खिचडी सुरू केली, फोटो जोडला आहे. दोन टेबलस्पून तांदूळ, एक टेबलस्पून मूगडाळ, गाजराचे चार तुकडे, हळद. कुकरला लावून मिक्सरला फिरवली आणि गाळून घेतली. आमटीच्या दोन वाट्या झाली. सासूबाई म्हणतात अजून पातळ कर, घशात अडकेल. बरोबर आहे का? (कोल्हापूर)

उत्तर :

ताई, जिन्नस बरोबर आहेत, खिचडी मात्र पातळ आहे, चांगलीच पातळ. अजून पाणी घालू नका, आणि उद्यापासून गाळू नका.

फोटोवरून मी हे कशी म्हणते ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता येईल. तुमच्या वाटीत वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतंय, आणि ती पांढरी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आहे, कुठेही तुटलेली नाही. घोटलेल्या खिचडीत असं होत नाही. तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचसखल असतं, त्यामुळे प्रकाश तुकड्यातुकड्यांत चमकतो. आरशासारखी सलग चमक दिसली की वर पाणी आहे असं समजायचं. दुसरं म्हणजे चमचा. तो वाटीच्या तळाला जाऊन बसलाय, फक्त दांडा काठाला टेकलाय. तिसरी खूण वाटीच्या कडेला आहे. मधे पिवळं आणि काठाला फिकट, जवळजवळ पारदर्शक असं कडं दिसतंय. डाळ-तांदळाचा गर खाली बसतोय आणि पाणी सुटतंय, त्याचं ते कडं.

आणि चौथी गोष्ट तुम्ही फोटो काढताना पाहिली नसणार. उजव्या कोपऱ्यात ओट्यावर चहाची गाळणी आहे आणि तिच्यात लिंबाएवढा फिकट पिवळा गोळा, मधे केशरी ठिपके. तोच बाळाचा घास होता. तांदळाचा गर, डाळ आणि गाजर तिथे राहिलं, वाटीत आलं ते त्यांचं धुवण.

आता जरा हिशोब करू, कारण नुसतं ‘पातळ नको’ म्हटलं की ते सासूबाईंना पटत नाही, आणि का पटावं? तीन सपाट टेबलस्पून कोरडे डाळ-तांदूळ म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. त्यातून सव्वाशेच्या आसपास कॅलरी मिळतात. आमटीची वाटी दीडशे मिलिलिटरची धरली तर तुमची खिचडी ३०० मिलिलिटर झाली. म्हणजे १०० मिलिलिटरमागे ४० कॅलरी, आणि गाळणीत राहिलेलं वजा केलं तर त्याहूनही कमी. तुमच्या अंगावरच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ६५ ते ७० कॅलरी असतात. थोडक्यात, बाळाला वरचं अन्न म्हणून जे देताय ते तुमच्या दुधापेक्षा पातळ आहे. त्याने तीन टेबलस्पून खिचडी खाल्ली तर पोटात १८ कॅलरी गेल्या. तेवढीच जागा दुधाने भरली असती तर ३० गेल्या असत्या. वरचं खाऊन बाळाचं नुकसानच झालं!

सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. या पहिल्या आठवड्यात नव्हे, हळूहळू तिथवर जायचं असतं. पण एका वेळी पोटात मावतं किती? ढोबळ मानाने वजनाच्या किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे तुमच्या बाळाच्या पोटात जेमतेम २१५. या खिचडीतून २०० कॅलरी मिळवायच्या तर दिवसाला अर्धा लिटर पाजावी लागेल. तेवढी पाजली तर ते दूध पिणार कधी? पातळ वाटीचं खरं दुखणं हे आहे. बाळ उपाशी राहत नाही, पोट टम्म भरतं, शांत झोपतंही. घरातले खूश असतात आणि पुढच्या महिन्यात वजनाचा काटा हलत नाही.

हेच जिन्नस, हीच मापं, फक्त पाणी बदलून पाहा. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, चौपट-पाचपट पाणी घाला, कुकरमध्ये छोट्या डब्यात लावा आणि चार शिट्ट्या होऊ द्या. वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून घाई करू नका, कारण त्या दहा मिनिटांत भात गुरगुट्या होतो. मग गरम असतानाच पळीच्या किंवा चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला दाबून घोटा, गाजरासकट. एका वाटीच्या आत-बाहेर खिचडी व्हायला हवी. त्यात एक लहान चमचा साजूक तूप. आता १०० ग्रॅममागे शंभरएक कॅलरी झाल्या, म्हणजे बाळाच्या त्याच तीन टेबलस्पूनांतून १८ ऐवजी ४५ ते ५० जातील. तांदूळ चिकट असला तर काम सोपं होतं. इंद्रायणी लवकर मऊ पडतो, आणि घरात आजऱ्याचा घनसाळ असेल तर फारच छान. कोलमसारखा मोकळा तांदूळ असेल तर थोडा जास्त भिजवा.

झाली की चमच्यावर घेऊन चमचा हळूच तिरका करा. पाण्यासारखी ओघळ लागली तर पातळ. चमच्याला घट्ट धरून बसली, उलटा केला तरी पडेना, तर फार घट्ट. ती टाळूला चिकटेल आणि बाळ तोंड वेडंवाकडं करेल. चमच्यावर छोटा ढीग टिकावा आणि चमचा तिरका केल्यावर तो सावकाश सरकत थबकन पडावा, एवढं पुरे. दुसरी खूण अशी की वाटीत चमच्याने मधोमध रेघ ओढायची. रेघ लगेच बुजली तर पातळ, दोन-तीन सेकंद दिसत राहून मग बुजली तर हवी तशी. घट्ट झाली तर तुमचंच दूध काढून चमचाभर घाला किंवा कोमट पाणी, पण एका वेळी एकच चमचा. पाणी घालणं सोपं असतं, काढून घेता येत नाही.

इथे फोटो पाहणाऱ्यानेही सावध राहावं लागतं. खिचडी कुकरमधून काढल्या काढल्या सरसरीत दिसते आणि कोमट होईपर्यंत आळून येते. नाचणीच्या खिरीत तर हे फारच दिसतं. गॅसवर पळीवाढी, आणि पाच मिनिटांनी कडेला सुटलेली वडी. म्हणून वाफा निघत असताना काढलेल्या फोटोवरून मी ‘पातळ’ म्हणत नाही. तुमच्या फोटोत वाफ नाही, काठाला पाणी सुटलंय, म्हणजे ती थंड होऊनही पातळच राहिली आहे. फ्लॅश मारलेल्या फोटोत सगळंच चमकतं, तेही ध्यानात ठेवा. आणि साजूक तुपाची चमक वेगळी असते. ती गोल गोल डोळ्यांची असते, सलग नसते.

एकदा मी पुरती फसलेही आहे. एका ताईंनी सलग दहा दिवस वाटीचे फोटो पाठवले, प्रत्येक वाटी नमुनेदार. घट्टसर, मऊ, तुपाचे डोळे तरंगणारे. मी रोज ‘छान’ लिहीत होते, आणि महिनाअखेर बाळाचं वजन होतं तिथेच. घरी गेले तर उलगडा झाला. फोटो काढून झाला की आज्जी त्यात अर्धी वाटी डाळीचं पाणी ओतायच्या. “लेकराला अजून दात कुठं आल्यात, गिळंल कसं ते?” त्यांनी मला सरळ विचारलं. आज्जींचं काही खोटं नव्हतं, त्यांनी अशीच चार मुलं वाढवली होती. चूक माझी. मी वाटी पाहत होते, बाळाच्या तोंडाशी जाणारा चमचा नाही. तेव्हापासून मी फोटो मागते तो चमच्याचा, भरवायच्या क्षणीचा.

तुमच्या सासूबाईंच्या ‘घशात अडकेल’ या काळजीचं उत्तरही तिथेच आहे. त्यांना चमच्यावरची खिचडी बोटांत घेऊन चुरडायला सांगा. अंगठा आणि तर्जनीत सहज विरघळली तर बाळाच्या हिरड्यांना ती जड नाही. त्याला दात लागत नाहीत. अडकतात ते कडक, गोल, गुळगुळीत तुकडे. शेंगदाणा, कच्च्या गाजराची किंवा सफरचंदाची फोड, अख्खं द्राक्ष. मऊ घोटलेला भात त्यांतला नाही. उलट चमच्यातून ओतलेलं पाणीदार अन्न जिभेने सावरायच्या आत मागे पळतं आणि ठसका लागतो. बाळ पहिल्या काही दिवसांत ओकारी आल्यासारखं करेल, जीभ बाहेर काढून घास ढकलेल, चेहरा लाल होईल, खोकेल. आवाज येतोय तोवर ते स्वतः घास सांभाळतंय. घाबरून पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोटही घालू नका. आवाज बंद, रडता-खोकता येत नाही, ओठ निळे पडताहेत, ही वेगळी गोष्ट. तेव्हा फोटो आणि सल्ला बाजूला, तिथल्या तिथे मदत करायची असते. ती कशी करायची ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या, आणि सासूबाईंनाही सोबत न्या.

भरवताना बाळ बसतं असावं, मांडीवर आडवं नको. एवढं केलं की अर्धी भीती कमी होते.

मिक्सरबद्दल पुष्कळ जणी अपराधी वाटून विचारतात. मिक्सर काही विष नाही. पहिले चार-आठ दिवस फिरवलं तर बिघडत नाही. पण तिथेच अडकून राहिलात तर आठव्या-नवव्या महिन्यात बाळ बारीक कणही थुंकून टाकतं, आणि मग दीड वर्षाचं मूलसुद्धा मिक्सरचंच खातं. अशी मुलं माझ्याकडे येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून हाताने घोटा, आणि कण मुद्दाम थोडे जाड होऊ द्या. गाळणी मात्र पहिल्या दिवसापासूनच नको.

आता फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींकडे येते. मीठ दिसत नाही. तुम्ही जिन्नसांत मीठ लिहिलं नाही, ते मुद्दाम की विसरून, हे मला कळवा. वर्षाच्या आत मीठ घालायचं नाही, साखर नाही आणि गूळही नाही. कोल्हापुरात हे सांगताना मला जरा धीर गोळा करावा लागतो, कारण इथे ‘गुळात लोह असतं’ हे प्रत्येक घरात ठरलेलंच असतं. बाळाच्या वाटीत जाणाऱ्या चिमूटभर गुळातून लोह नगण्य मिळतं, गोडाची चटक मात्र पक्की लागते. मध तर वर्षापर्यंत बोटालाही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी एवढ्या लहान आतड्यात विष तयार होण्याचा धोका असतो आणि मध उकळूनही तो जात नाही. उष्टावणात मामाने सोन्याच्या अंगठीने खिरीचं बोट चाटवलं असेल तर त्याने काही बिघडत नाही, तो एका दिवसाचा मान आहे. रोजची वाटी वेगळी.

लोहही फोटोत दिसत नाही, आणि खिचडीची खरी उणीव ती आहे. पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. आईच्या दुधात लोह फार थोडं. तांदूळ-मूगडाळीतलं लोहही थोडं, आणि वनस्पतींतलं असल्याने अंगी लागतं त्याहून थोडं. तूप घातलं की कॅलरी वाढतात, लोह नाही. म्हणून पहिले काही दिवस खिचडी जमली की त्याच आठवड्यात वाटीत दुसरं काही यायला हवं.

तुमच्याकडे मांसाहार चालतो की नाही ते लिहिलेलं नाही. चालत असेल तर गंमत सांगते. आपल्याकडे रविवारी घरात मटण शिजतं आणि बाळाला ‘ताकदीसाठी’ पांढऱ्या रश्शाचे दोन चमचे देतात. लोह त्या रश्शात उतरत नाही, ते मांसात राहतं. रश्शातून बाळाला मिळतं ते मीठ, मिरी आणि खोबऱ्याची चरबी. त्यापेक्षा मसाला घालायच्या आधी चिकनचे दोन मऊ तुकडे बाजूला काढा. नीट शिजवा, हाड आणि शिरा पाहून काढा, खिचडीबरोबर मिक्सरला बारीक करा. इथे मिक्सर हवाच. कोंबडीची कलेजी पूर्ण शिजवून आठवड्यातून एकदा लहान चमचाभर पुरते, त्याहून जास्त नको. अंडं कडक उकडलेलं, पिवळं आणि पांढरं दोन्ही चालतं. पहिल्यांदा पाव चमचा द्या, सकाळी द्या, म्हणजे अंगावर गांधी उठल्या किंवा उलटी झाली तर दिवसाउजेडी कळेल. एका दिवशी एकच नवा पदार्थ.

शाकाहारी घर असेल तर डाळ वाढवा. दोनास एक ऐवजी निम्मी-निम्मी करा. पालक किंवा राजगिऱ्याची कोवळी पानं डाळीबरोबरच शिजवून घोटा आणि गॅसवरून उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. आंबटातल्या क जीवनसत्त्वाने पालेभाजी-डाळीतलं लोह बरं शोषलं जातं. उकळताना पिळलं तर त्याचा बराचसा गुण जातो. वाटीत हिरवे ठिपके दिसले की मला फोटोतही आनंद होतो, पण त्यावर भागेल असं मी म्हणणार नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिलिलिटर असतं, आणि त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे चौकशी करा. तुमच्या डॉक्टरांनी आधीच लोहाचे थेंब रोजचे लिहून दिले असतील तर दोन्ही एकदम सुरू करू नका, त्यांना विचारून एकच ठेवा.

किती द्यायचं हेही फोटोवरून ठरत नाही. वाटी जवळून टिपली की परातीएवढी दिसते. आज रात्री तुमच्या त्या आमटीच्या वाटीत टेबलस्पूनने पाणी मोजून घाला. दहा चमच्यांत भरली तर ती दीडशे मिलिलिटरची, माझा वरचा हिशोब बरोबर. वेगळी निघाली तर मला आकडा कळवा. या आठवड्यात दोन वेळा, दर वेळी दोन ते तीन टेबलस्पून, आणि दूध पूर्वीसारखंच, मागेल तेव्हा. पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू तिसरी वेळ आणि एका वेळी अर्धा कप, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरपर्यंत जायचं. तोंड मिटलं, मान फिरवली की थांबायचं. उरलेलं कुकरमध्ये संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका, दोन तासांच्या आत संपवा किंवा टाकून द्या. एवढ्याशा डाळ-तांदळाची पुन्हा शिट्टी करणं जिवावर येतं, मला माहीत आहे. सोपी वाट अशी की घरच्या वरण-भाताच्या कुकरमध्येच बाळाचा छोटा डबा ठेवा, फोडणीच्या आधीचं साधं वरण त्यात घाला.

परवा मला तीन फोटो पाठवा. एक वाटीचा, चमच्याने मधे रेघ ओढून. एक तिरक्या धरलेल्या चमच्याचा, भरवायला बसल्यावर काढलेला. आणि एक जेवण झाल्यावरच्या वाटीचा, सांडलेलं-उरलेलं जसं असेल तसं. तिसऱ्या फोटोची लाज वाटू देऊ नका, मला सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं. बाजूला काय मीठ-गूळ घातलं, कोणी भरवलं, बाळाने किती चमचे घेतले हे दोन ओळींत लिहा. आणि चार आठवड्यांनी, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा.